ट्रेनिंगचं प्रपोजल: एचआर आधी काय वाचतो?

एमएसडब्ल्यू, लॉ, सायकॉलॉजी किंवा मास कम्युनिकेशन करणाऱ्या अनेकांच्या डोक्यात एक वाट असते: नोकरी न धरता ट्रेनर म्हणून काम करायचं. विषय येतो, बोलता येतं, चार जणांसमोर उभं राहायची भीती नाही. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा अडतं ते दोन-तीन पानांच्या कागदावर. कंपनीच्या एचआर प्रमुखाला पाठवायचं प्रपोजल. त्यात उद्दिष्टं, विषय, कालावधी आणि फी हे चार मथळे असतात, आणि चारही मथळ्यांखाली नेटवरून उचललेली वाक्यं असतात.

हे प्रपोजल नीट कसं लिहायचं, ते आज एकाच विषयावर आणि एकाच उदाहरणावर पाहू. विषय आहे 'पॉश', म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा. हा विषय घेण्याचं कारण सरळ आहे. या ट्रेनिंगला कायद्यानेच मागणी निर्माण केली आहे. कलम १९ नुसार कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणं आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. समिती दरवर्षी जो अहवाल देते, त्यात तक्रारींच्या आकड्याबरोबर वर्षात किती कार्यशाळा झाल्या तोही आकडा द्यावा लागतो. समितीच नेमली नाही किंवा कायद्यातल्या जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

उदाहरण नवापूरचं

नवापूर म्हटलं की अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये असलेलं रेल्वे स्टेशन सगळ्यांना आठवतं. तिथल्या एमआयडीसीत कामाला येणारी माणसंही अशीच सरमिसळ असतात. मावची बोलणारी, गुजराती बोलणारी, अहिराणी बोलणारी. समजा, इथल्या एका कापड कारखान्याला नंदुरबारचा एक स्वतंत्र ट्रेनर प्रपोजल पाठवतोय. कारखाना काल्पनिक आहे, पण हिशोब खरा करू.

कामगार १८०. त्यात ६० महिला, सगळ्या पहिल्या पाळीत, बऱ्याचशा पॅकिंग आणि घडीच्या कामावर. पुरुष १२०, त्यातले ४० पहिल्या पाळीत आणि ८० दुसऱ्या. पाळ्या सकाळी ७ ते दुपारी ३ आणि दुपारी ३ ते रात्री ११. निम्म्याहून जास्त लोक कंत्राटदाराकडून आलेले. सुपरवायझर १६. अंतर्गत समिती कागदावर आहे, ५ जणांची.

ही माहिती आणायची कुठून? प्रपोजल लिहिण्याआधी एक फोन आणि शक्य असेल तर एक भेट. एचआर मॅडमना किंवा साहेबांना पाच प्रश्न विचारायचे: माणसं किती, पाळ्या कशा, भाषा कोणत्या, समितीत कोण आहे, आणि आधी असं ट्रेनिंग झालंय का. या पाच उत्तरांशिवाय लिहिलेलं प्रपोजल पुण्याच्या आयटी कंपनीला आणि नवापूरच्या कापड कारखान्याला एकसारखंच जातं. एचआरला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

त्यामुळे पहिला परिच्छेद ट्रेनरच्या अनुभवाचा नसावा. तो कंपनीचा असावा. 'आपल्याकडे १८० कामगार दोन पाळ्यांत काम करतात, त्यात ६० महिला आहेत आणि निम्म्याहून अधिक कामगार कंत्राटी आहेत. समितीच्या सदस्यांचं प्रशिक्षण अद्याप झालेलं नाही.' एवढं वाचलं की समोरच्याला वाटतं, या माणसाने आपलं ऐकलंय. तुमचा बायोडेटा शेवटच्या पानावर, अर्ध्या पानात बसवा.

उद्दिष्ट म्हणजे नंतर तपासता येईल असं वाक्य

'कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता निर्माण करणे.' पॉशच्या प्रपोजलमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. त्यात अडचण अशी की जागरूकता निर्माण झाली की नाही, हे तपासायचं कसं ते त्यात नाही. तीन महिन्यांनी एचआरने विचारलं, तुमच्या ट्रेनिंगने काय बदललं, तर ट्रेनरकडे उत्तर नसतं.

हेच उद्दिष्ट असं लिहून बघा: 'कार्यशाळेनंतर प्रत्येक कामगार समितीतल्या किमान एका सदस्याचं नाव सांगू शकेल, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते हे सांगू शकेल, आणि कंपनीच्या बसमध्ये घडलेला प्रकारही कामाच्या ठिकाणचाच मानला जातो हे ओळखू शकेल.' तीन गोष्टी, तिन्ही विचारून बघता येतात. तपासणीही प्रपोजलमध्येच लिहायची: तीन महिन्यांनी हजेरीपटावरून ट्रेनर स्वतः २० नावं निवडेल, प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलेल. २० पैकी १५ जणांनी तिन्ही उत्तरं बरोबर दिली, तर काम झालं. नावं एचआरने निवडायची नाहीत, कारण मग हुशार वीस जणच समोर येतात.

यातला बसचा मुद्दा सहज टाकलेला नाही. कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात मालकाने पुरवलेलं वाहनही येतं. आजूबाजूच्या पाड्यांतून बसने येणाऱ्या मुलींसाठी हा बारीक मुद्दा नाही. तसंच 'कर्मचारी' या शब्दात कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ कामगारही येतात. 'ती आमची नाही, कंत्राटदाराची आहे' हे उत्तर इथे चालत नाही. प्रपोजलमध्ये कंत्राटी कामगारांचा उल्लेख वेगळा आणि स्पष्ट करा, नाहीतर हॉलमध्ये फक्त कायम कामगार बसलेले दिसतील.

एक आश्वासन मात्र कधीच द्यायचं नाही: 'ट्रेनिंगनंतर तक्रारी शून्यावर येतील.' चांगल्या ट्रेनिंगनंतर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढू शकतात, कारण कुठे बोलायचं हे लोकांना पहिल्यांदाच कळलेलं असतं. हे वाक्य प्रपोजलमध्ये आधीच लिहून ठेवा. नंतर सांगितलं तर ते सबब वाटतं.

विषय तीन, एकच नाही

कामगार, सुपरवायझर आणि समिती या तिघांना एकाच हॉलमध्ये एकच प्रेझेंटेशन दाखवणं ही सर्रास होणारी चूक. तिघांचं काम वेगळं, म्हणून विषय वेगळा.

कामगारांना कलमं नकोत. त्यांना प्रसंग हवेत. सुपरवायझर रोज मुद्दाम खेटून उभा राहतो. मोबाईलवर कोणी घाण व्हिडिओ दाखवतो. 'ऐकलं नाहीस तर उद्यापासून येऊ नको' असं कोणी सुचवतो. यातलं काय छळात मोडतं, आणि मोडत असेल तर पुढचं पाऊल कोणतं? तक्रार लेखी द्यायची असते. पण ती लिहिता येत नसेल, तर लिहिण्यासाठी मदत करणं समितीच्या सदस्यांवर बंधनकारक आहे. जिथे अनेक जणी अंगठा करतात, तिथे हे एक वाक्य सगळ्या स्लाइड्सपेक्षा मोलाचं आहे. आणि ते मावचीत किंवा गुजरातीत सांगितलं गेलं पाहिजे. त्यासाठी त्या भाषेतली एक स्थानिक सहप्रशिक्षक घ्यावी लागते. तिचं मानधन फीमध्ये वेगळं दाखवायचं.

सुपरवायझरला वेगळं शिकवायचं. कोणी त्याच्याकडे येऊन सांगितलं, तर त्याने 'जाऊ दे, मी त्याला समज देतो' म्हणून प्रकरण तिथेच मिटवायचं नाही, तर तिला समितीपर्यंत जाऊ द्यायचं. आणि ती गोष्ट चहाच्या टपरीवर न्यायची नाही.

समितीचं प्रशिक्षण सगळ्यात अवघड, कारण इथे चूक झाली तर नुकसान तक्रारदाराचंच होतं. याचं मोठं उदाहरण गोव्याचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धच्या तक्रारींची चौकशी २००९ मध्ये झाली आणि पुढे त्याला नोकरीतून काढलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण चौकशी समितीने घाई केली होती आणि आरोप असलेल्या व्यक्तीला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा २००९ च्या टप्प्यापासून करा, असा आदेश झाला. म्हणजे चौदा वर्षांनी सगळं परत पहिल्यापासून. प्राध्यापक दोषी होता की नव्हता, या प्रश्नापर्यंत कोणी पोहोचलंच नाही. तक्रार करणाऱ्यांच्या हातात काय पडलं, याचा विचार करा.

म्हणून समितीच्या दिवसाचा विषय 'कायद्याची ओळख' असा लिहू नका. 'एका तक्रारीचा प्रवास' असा लिहा. एक बनवलेली तक्रार घ्यायची आणि दिवसभर तीच चालवायची. तक्रार आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची. त्याला उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. संपल्यावर दहा दिवसांत अहवाल. त्यावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. तडजोड हवी असेल, तर ती तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितली पाहिजे, आणि पैशाच्या बदल्यात तडजोड होऊ शकत नाही. सदस्यांनी हे सगळं एकदा हाताने करून पाहिलं, नोटिशीचा मसुदा स्वतः लिहिला, की खरी तक्रार आल्यावर हात थरथरत नाहीत.

कालावधी: मशीनच्या वेळेवर

ट्रेनर लिहितो, 'कालावधी एक दिवस.' एचआरच्या डोक्यात लगेच दुसरा हिशोब सुरू होतो: एक दिवस म्हणजे किती माणसं लाइनवरून उठणार? कापडाचं मशीन तुमच्या प्रेझेंटेशनसाठी थांबत नाही. त्यामुळे वेळापत्रक पाळ्यांच्या वेळेवर बसवून द्यायचं.

आपल्या उदाहरणात ते असं बसतं. पहिला दिवस समितीचा, सकाळी १० ते ५, मधे तासभर जेवण, म्हणजे सहा तास. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचे कामगार, दीड-दीड तासाच्या तीन तुकड्या: ३० महिला, मग उरलेल्या ३० महिला, मग ४० पुरुष. महिला दोन तुकड्यांत, कारण साठही जणी एकदम उठल्या तर पॅकिंग बंद पडेल. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा ते अडीच सुपरवायझर, आणि साडेतीननंतर दुसऱ्या पाळीच्या ४०-४० च्या दोन तुकड्या.

कामगारांच्या पाचही तुकड्या एका दिवसात बसवायचा मोह होतो. तसं करू नका. साडेसात तास तेच तेच बोलल्यावर पाचव्या तुकडीला थकलेला ट्रेनर मिळतो. आणि ट्रेनिंग पाळीच्या वेळेतच हवं, सुटीनंतर नाही. घरी जायची बस चुकेल या काळजीने बसलेली बाई काही ऐकत नसते.

आता एक आकडा, जो सहसा प्रपोजलमध्ये नसतो आणि असायला हवा. १८० कामगार गुणिले दीड तास म्हणजे २७० तास. १६ सुपरवायझर गुणिले तीन म्हणजे ४८. समितीचे ५ जण गुणिले सहा म्हणजे ३०. एकूण ३४८ तास, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने जवळपास ४४ माणसांचा एक दिवस. कंपनीचा एक मोठा खर्च हा आहे. तो तुम्ही स्वतःहून मांडलात आणि तो कमी कसा ठेवला हेही दाखवलंत, तर फीवरची घासाघीस बरीच कमी होते.

फी: एक रकमी आकडा देऊ नका

'फी ४३,००० रुपये' असं एका ओळीत लिहिलं की समोरून एकच प्रश्न येतो: कमी किती करणार? फोड करून दिली तर बोलणं कामावर होतं. आपल्या उदाहरणासाठी धरलेले आकडे असे. बाजारभाव म्हणून नाही, तर मांडणी कळावी म्हणून.

- आधीची भेट आणि तयारी: ४,००० रुपये
- प्रशिक्षणाचे तीन दिवस, दिवसाला ९,०००: २७,००० रुपये
- स्थानिक भाषेतली सहप्रशिक्षक, दोन दिवस: ५,००० रुपये
- चित्रफलक, छपाई, सरावाची कागदपत्रं: ३,००० रुपये
- तीन महिन्यांनंतरची तपासणी आणि अहवाल: ४,००० रुपये
- एकूण ४३,००० रुपये. प्रवास प्रत्यक्ष तिकिटाप्रमाणे.

एचआर म्हणाले, बजेट ३५ हजारच आहे, तर दिवसाचा दर पाडायचा नाही. काम कमी करायचं आणि काय कमी केलं ते लिहायचं. उदाहरणार्थ, सुपरवायझरांचं सत्र पुढच्या तिमाहीत ढकलता येईल. पण सहप्रशिक्षक काढायची नाही. तिला काढलं तर ज्यांच्यासाठी हे सगळं आहे, त्यांनाच काही कळणार नाही.

खाली तीन ओळी कराच्या आणि पैसे मिळण्याच्या. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कंपनीचं हेड ऑफिस सुरतला असलं तरीही नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, आणि हे प्रपोजलमध्येच लिहायचं. एका आर्थिक वर्षात त्या कंपनीकडून मिळणारी व्यावसायिक फी ५० हजारांच्या वर गेली की कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. तो बुडत नाही, रिटर्न भरताना हिशोबात येतो. फक्त पॅन दिलेला हवा, नाहीतर कपात २० टक्के होते.

तिसरी ओळ मुदतीची. 'काम नक्की झाल्यावर ४० टक्के, उरलेले प्रशिक्षणानंतर ३० दिवसांत' असं स्पष्ट लिहा. ट्रेनरने सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा मदतीला येतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर व्याज लागतं. एचआरला धमकी देण्यासाठी हे वापरायचं नाही. प्रपोजलमध्ये उद्यम क्रमांक छापला तरी अकाउंट्स विभागाला कळतं.

जिथे नाही म्हणायचं

आता खरी कसोटी. फोन येतो: 'प्रपोजल छान आहे, पण तीन दिवस नको. एक तास घ्या, फोटो काढा, १८० सह्या घेऊ आणि सर्टिफिकेट द्या.' महिन्याच्या शेवटी खिशात फारसं काही नसलेल्या नव्या ट्रेनरसाठी हा फोन अवघड असतो. वार्षिक अहवालात 'कार्यशाळा: १' हा आकडा एका तासानेही भरता येतो. पण त्या कागदावर सही तुमची असते. उद्या तक्रार आली, समितीने घाईत चौकशी उरकली आणि ती पुढे टिकली नाही, तर 'यांना प्रशिक्षण दिलं' असं लिहून देणारे तुम्हीच.

यावर उपाय प्रपोजलमध्येच ठेवता येतो. सर्टिफिकेटचा मजकूर आधीच ठरवून जोडून टाका: कोणत्या गटाला, किती तास, कोणता विषय. एक तास झाला तर एक तासच लिहिला जाईल. म्हणजे नंतर वाद नको.

दुसरी नाजूक जागा बाह्य सदस्याची. समितीत कंपनीबाहेरचा एक सदस्य असावाच लागतो, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. बरेचदा ट्रेनरलाच विचारलं जातं, 'तुम्हीच व्हा ना.' कायद्यात याला मनाई नाही. पण नियमांत संस्थेकडून आलेल्या बाह्य सदस्याचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच धरला आहे. त्याच कंपनीकडून दरवर्षी ट्रेनिंगची मोठी फी घेणारा माणूस तिच्याच मॅनेजरविरुद्धच्या तक्रारीत मोकळेपणाने बोलेल का, असा प्रश्न तक्रारदाराला पडला तर तो गैर नाही. दोन्हीपैकी एक निवडा, आणि प्रपोजलमध्ये एका वाक्यात ते सांगून टाका.

शेवटची ओळ गोपनीयतेची. सत्र संपल्यावर कोणीतरी हळूच बाजूला घेऊन काहीतरी सांगणार, हे धरूनच चालायचं. ट्रेनर म्हणजे समिती नाही. त्याने तक्रार गोळा करायची नाही आणि एचआरला जाऊन नावही सांगायचं नाही. समितीकडे कसं जायचं ते तिला सांगायचं. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथला रस्ता दाखवायचा. 'सत्रात किंवा सत्रानंतर सांगितलेली वैयक्तिक माहिती कंपनीला दिली जाणार नाही' हे प्रपोजलमध्ये लिहिलेलं असलं, की नंतर 'कोण काय म्हणालं हो?' या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळच येत नाही.

एवढं सगळं तीन पानांत बसतं. पहिल्या पानावर कंपनीची स्थिती आणि उद्दिष्टं, दुसऱ्यावर विषय आणि वेळापत्रक, तिसऱ्यावर फी, अटी आणि तुमची ओळख. ईमेलच्या विषयात 'ट्रेनिंग प्रपोजल' एवढंच लिहू नका. 'पॉश प्रशिक्षण: १८० कामगार, ३ दिवस, मावची-गुजराती-मराठी' असं लिहा.